ताळेबंद तोच, प्रश्न दुसरा

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे पाठबळ त्यांना होते. शहराला खेटून असलेल्या कबनूरमध्येही मागांचा खडखडाट पुढे घरोघर पोचला. साध्या मागांच्या काळात धंदा वाढवायचा म्हणजे आणखी चार माग घ्यायचे. तेवढे पैसे घरातून, पाहुण्यांकडून किंवा पतसंस्थेतून उभे राहत. रेपिअर आणि एअरजेट आले तसे हे गणित बदलले. आता एक शेड उभी करायची तर आकडा कोटींत जातो, बँकेचे कर्ज मानेवर बसते आणि पुढच्या विस्ताराला बँकही हात आखडता घेते. मग कुणीतरी सुचवते की कंपनीतला थोडा हिस्सा विका. घेणारा एखादा मोठा कापड व्यापारी असतो, तयार कपड्यांचा निर्यातदार असतो, कधी गुंतवणूक संस्था असते.

बोलणी होतात, चहापाणी होते, किमतीचा अंदाजही ठरतो. त्यानंतर घेणाऱ्याकडून पत्र येते: ड्यू डिलिजन्ससाठी आमची माणसे येतील, सोबतच्या यादीतली कागदपत्रे तयार ठेवा. यादी पंधरा-वीस पानांची असते. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला. आमचे ऑडिट दरवर्षी होते, सीएची सही आहे, बँकेने त्याच ताळेबंदावर कर्ज दिले. मग ही दुसरी तपासणी कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?

मुद्दा विश्वासाचा नाही. दोन्ही तपासण्यांसमोर कागद तेच असतात, पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. तो फरक आधी समजला तर किमतीच्या टेबलावर धक्का बसत नाही.

ऑडिटर काय सांगतो

कंपनी कायदा, २०१३ नुसार प्रत्येक कंपनीला, मग ती कितीही लहान असो, वैधानिक ऑडिट करून घ्यावेच लागते. ऑडिटरचा अहवाल भागधारकांना उद्देशून असतो आणि त्यात एक मत दिलेले असते: ३१ मार्चची आर्थिक स्थिती आणि त्या वर्षाचा नफा-तोटा हे पत्रके खरे आणि योग्य दाखवतात की नाही. पत्रके तयार करण्याची जबाबदारी संचालकांची, मत ऑडिटरचे. हे मत तो ‘वाजवी खात्री’ने देतो, हमी देत नाही. तो प्रत्येक बिल पाहत नाही, नमुने निवडतो. वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल एवढी मोठी चूक कोणती, याची एक मर्यादा तो आधी ठरवतो आणि तिच्याखालच्या किरकोळ चुकांपाशी अडत नाही.

यात ऑडिटरचा आळस नाही, कामाची रचनाच तशी आहे. कापडाचा भाव पुढच्या वर्षी टिकेल का, मालक बाजूला झाला तर कारखाना चालेल का, यंदाचा नफा धंद्यातून आला की नशिबाने, हे प्रश्न त्याला कायद्याने विचारलेलेच नाहीत. नफा नियमाप्रमाणे मोजला आणि दाखवला असेल तर त्याचे काम पुरे झाले.

ड्यू डिलिजन्स करणाऱ्याला घेणारा नेमतो आणि फी सहसा तोच देतो. खासगी व्यवहारात त्याला कायद्याने ठरवलेला साचा नसतो. काय तपासायचे हे नेमणूकपत्रात लिहिलेले असते. अहवाल घेणाऱ्यासाठी असतो आणि त्यात ‘खरे आणि योग्य’ असे मत कुठेच नसते. असतात त्या निष्कर्षांच्या नोंदी आणि त्यांच्यापुढचे आकडे. साधारण तीन वर्षांचे आणि चालू वर्षाच्या गेलेल्या महिन्यांचे हिशेब महिन्यावार उलगडले जातात. ऑडिट झालेला ताळेबंद ही या कामाची सुरुवात असते. सातबारा कोरा असला तरी जमीन घेणारा वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतोच आणि त्यात तलाठ्याचा अपमान होत नाही, तसेच हे.

सत्यममध्ये काय घडले

हा फरक देशाने मोठ्या प्रमाणात पाहिला तो सत्यम कॉम्प्युटर्सच्या वेळी. या कंपनीचे ताळेबंद जगातल्या नामांकित ऑडिट संस्थेच्या भारतीय शाखेने वर्षानुवर्षे तपासलेले होते. डिसेंबर २००८ मध्ये अडचणीत आल्यावर कंपनीने पुढचे पर्याय शोधण्यासाठी डीएसपी मेरिल लिंचला सल्लागार नेमले. म्हणजे बाहेरचा कुणीतरी, घेणाऱ्याच्या नजरेने, पहिल्यांदाच आत डोकावणार होता. थोड्याच दिवसांत, जानेवारी २००९ मध्ये, हिशेबात गंभीर गैरप्रकार आढळल्याचे सांगून त्यांनी काम सोडले आणि शेअर बाजारांना तसे कळवले. ७ जानेवारीला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले. रोख आणि बँकशिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

ज्या आकड्याची खात्री करणे सर्वांत सोपे असावे, तोच खोटा निघाला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०११ मध्ये या ऑडिट संस्थांवर कारवाई केली तेव्हा बोट याच जागी ठेवले: बँकशिल्लकेची खातरजमा करण्याची प्रक्रिया ऑडिटरने स्वतःच्या हातात ठेवली नव्हती. पत्र बँकेला थेट पाठवून उत्तर थेट मागवणे आणि कंपनीने आणून दिलेले पत्र फाइलला लावणे यांत सगळे अंतर आहे. पुढे एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये प्रतिशेअर देऊन ३१ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा भरवशाचे ताळेबंद हाती नव्हतेच. दुरुस्त हिशेब सप्टेंबर २०१० मध्ये बाहेर आले. ती अनिश्चितता घेणाऱ्याने किमतीत धरूनच बोली लावली होती.

कबनूरच्या कारखान्यात सत्यमसारखे काही नसते. तिथे खोटेपणापेक्षा सवयी असतात, घर आणि धंदा यांची सरमिसळ असते. ड्यू डिलिजन्सचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

एक कारखाना, दोन हिशेब

समजण्यासाठी एक कंपनी कल्पू. ती खरी नाही, पण तिच्यातल्या बाबी या भागातल्या हिशेबांत नेहमी भेटणाऱ्या आहेत. कबनूरमधली प्रायव्हेट लिमिटेड, ४८ रेपिअर माग, वर्षाची विक्री ४० कोटी. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई, जिला या व्यवहारात ‘एबिटा’ म्हणतात, ४ कोटी ८० लाख. ही रक्कम ऑडिट अहवालात कुठे छापलेली नसते. छापील नफ्यात व्याज, कर आणि घसारा मिळवून ती काढावी लागते. बोलण्यात कमाईच्या सहापट किंमत ठरली. मालकाने मनात हिशेब केला: ४.८० गुणिले ६ म्हणजे २८ कोटी ८० लाख. त्यातून बँकेचे निव्वळ कर्ज ८ कोटी ६० लाख वजा केले की २० कोटी २० लाख. विकायचा ३० टक्के हिस्सा म्हणजे ६ कोटी ६ लाख.

ड्यू डिलिजन्सवाले आले आणि त्यांनी पहिल्यांदा कापडच मोजले. माग मिनिटाला ४०० फेऱ्यांनी आणि ८५ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर मिनिटाला ३४० पिक पडतात. कापड इंचाला ६० पिकचे असेल तर २४ तासांत एका मागावर सुमारे २०७ मीटर निघते. ४८ माग, वर्षाचे ३४० दिवस: अंदाजे ३३ लाख ८० हजार मीटर. विक्री मात्र ३६ लाख ५० हजार मीटरची होती. वरचे २ लाख ७० हजार मीटर आले कुठून? उत्तर सरळ निघाले. तेवढे कापड बाहेरच्या खर्चीवाल्यांकडून मजुरीवर विणून घेतले होते. बिले होती, सूत पाठवल्याची चलने होती आणि जीएसटीच्या विवरणांत त्याची नोंद होती. ती सापडली नसती तर विक्रीच्या बिलांवरच शंका आली असती. उलट विक्री २८ लाख मीटरच निघाली असती, तर बाकीचे कापड वहीबाहेर गेले असा अर्थ झाला असता. विजेच्या बिलांतले युनिट हाच पडताळा दुसऱ्या बाजूने देतात.

विक्री खरी ठरल्यावर पुढचा प्रश्न: ४ कोटी ८० लाखांपैकी दरवर्षी मिळणारी कमाई किती?

शेडची जागा कुटुंबाच्या नावावर आहे. कंपनी महिन्याला १ लाख भाडे देते. त्या भागातला दर साडेतीन लाख. उद्या भागीदार आल्यावर कुटुंब याच भाड्यावर जागा देत राहील याची खात्री काय? वर्षाचे ३० लाख कमाईतून वजा. मालक आणि दोन मुलगे मिळून वर्षाला १२ लाख पगार घेतात. एक उत्पादन पाहतो, एक विक्री, एक हिशेब. ही कामे पगारी माणसांकडून करून घ्यायची तर ३६ लाख लागतील. आणखी २४ लाख वजा.

इतर उत्पन्नात ३५ लाख दिसतात. जुन्या कर्जावरच्या व्याज अनुदानाचे अडकलेले पैसे यंदा एकदम आले. ऑडिटरच्या दृष्टीने नोंद बरोबर आहे, पैसे खरे आहेत. पण पुढच्या वर्षी ते येणार नाहीत आणि घेणारा त्यांना सहापट किंमत देणार नाही. ३५ लाख वजा. आता एक बाब मालकाच्या बाजूची: घरची गाडी, प्रवास आणि घरगुती खर्च मिळून १८ लाख कंपनीत पडले आहेत. हे धंद्याचे खर्च नव्हेत, म्हणून तेवढी कमाई वाढवायची. मात्र या खर्चावर घेतलेली करसवलत हा वेगळा धोका म्हणून अहवालात येतो.

सर्वांत जास्त वाद सुतावरून झाला. वर्षाच्या मध्यात सुताचा भाव चढला. आधी स्वस्तात घेतलेले सूत गोदामात होते आणि कापड मात्र नव्या भावाने विकले गेले. महिन्यावार हिशेब मांडल्यावर दोन-तीन महिन्यांत मीटरमागे सुटणारे पैसे एकदम फुगलेले आणि नंतर परत जागेवर आलेले दिसले. वर्षाच्या एका आकड्यात हे दिसत नाही. या फुगवट्याची रक्कम २५ लाख धरली. मालक म्हणाला, सूत कधी घ्यायचे हे ओळखणे हेच तर आमचे कसब. घेणाऱ्याचे म्हणणे, दोन वर्षांपूर्वी भाव पडला तेव्हा तोटाही झालाच होता. २५ लाख वजा झाले.

मालकाने एक गोष्ट मिळवायला सांगितली ती मात्र मान्य झाली नाही. एका व्यापाऱ्याने बुडवलेले २२ लाख यंदा निर्लेखित केले होते. हे एकदाच घडले, असे त्याचे म्हणणे. तीन वर्षांच्या वह्या चाळल्या तर दरवर्षी कुणीतरी एक बुडवलेला निघाला. जे दरवर्षी होते तो धंद्याचा खर्च.

बेरीज-वजाबाकी करून कमाई ३ कोटी ८४ लाखांवर आली. सहापट म्हणजे २३ कोटी ४ लाख. म्हणजे वह्यांत एकही खोटी नोंद नसताना किंमत ५ कोटी ७६ लाखांनी उतरली. ऑडिट चुकलेले नव्हते. ‘यंदा किती कमावले’ आणि ‘दरवर्षी किती कमावता’ ही दोन वेगळी उत्तरे होती.

कर्ज म्हणजे फक्त बँकेचे नव्हे

किंमत धंद्याची ठरते. मालकाच्या हिश्शाला येते ती त्यातून देणी वजा करून. मालकाने धरलेले ८ कोटी ६० लाख हे मुदतकर्ज आणि कॅश क्रेडिट मिळून ९ कोटी, वजा हातातली शिल्लक ४० लाख. त्यात ड्यू डिलिजन्सने पाच बाबी मिळवल्या. घरच्या माणसांची कंपनीकडे असलेली बिनतारणी कर्जे १ कोटी १० लाख. मागांच्या पुरवठादाराचे राहिलेले ७० लाख. सूतवाल्यांची ठरलेली मुदत केव्हाच उलटून गेलेली देणी ६० लाख. वेळेत पैसे नव्हते म्हणून थकवलेले बिल हे एक प्रकारचे उसने घेणेच. भरायचा राहिलेला आयकर २५ लाख. आणि ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटीची मौज अशी की ती बहुधा ऑडिट अहवालातच लिहिलेली असते. कामगाराच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार साठत जातो. कामगार सोडून जाताना पैसे देऊ, असे म्हणून कारखाने तरतूद करत नाहीत आणि ऑडिटर तसा शेरा मारतो. मालक तो वाचत नाही, बँकही फारशी थांबत नाही. घेणारा त्याच ओळीपाशी थांबतो आणि रक्कम काढतो: ४५ लाख. पाचही मिळवून कर्ज ११ कोटी ७० लाख झाले. घरच्या कर्जाचे पैसे अर्थात बुडत नाहीत, ते घरच्यांनाच परत मिळायचे असतात. पण तेच पैसे हिश्शाच्या किमतीत दुसऱ्यांदा मिळणार नाहीत.

शेवटची बाब ३१ मार्चची. ताळेबंद एका दिवसाचे चित्र असते आणि हा दिवस वर्षातला सर्वसाधारण दिवस नसतो. आयकरातल्या ४३बी(एच) या तरतुदीने तो आणखी वेगळा झाला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल कमाल ४५ दिवसांच्या मुदतीत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, चुकते केले नाही तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी करातून वजा मिळतो. त्यामुळे थकवलेली बिले व्यापारी मार्चअखेर फेडतात. कधी मालच परत पाठवतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलतात. म्हणून मार्चची विक्री आणि एप्रिलची परतीची बिले शेजारी ठेवून पाहणे हे आता ड्यू डिलिजन्सचे नेहमीचे काम झाले आहे.

आपल्या कल्पित कंपनीत परतीचा माल नव्हता, पण वसुली जोरात झाली होती, सुताची खरेदी एप्रिलवर ढकलली होती आणि त्या पैशांतून कॅश क्रेडिट खाली आणले होते. बारा महिन्यांच्या शेवटच्या तारखांचे येणे, साठा आणि चालू देणी मांडल्यावर धंद्यात सरासरी ७ कोटी अडकलेले असतात असे दिसले. ३१ मार्चला ५ कोटी ६० लाखच होते. थकलेली आणि यंत्रांची देणी यात धरलेली नव्हती, म्हणून ती दोनदा मोजली गेली नाहीत. एप्रिल-मेमध्ये हे १ कोटी ४० लाख पुन्हा बँकेतून उचलावे लागणार, म्हणजे खरे कर्ज तेवढ्याने जास्त.

२३.०४ मधून ११.७० आणि १.४० गेले: ९ कोटी ९४ लाख उरले. ३० टक्क्यांचे २ कोटी ९८ लाख. मालकाच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे कमी. यातली प्रत्येक बाब अखेरची नसते. सुताच्या फुगवट्यावर, पगाराच्या अंदाजावर, मार्चच्या सरासरीवर घासाघीस होते आणि काही परत मिळते. पण ज्याच्याजवळ महिन्यावार आकडे नसतात त्याला घासाघीस करता येत नाही.

दोन नंबरचे काय?

इथवर आल्यावर काही मालक आवाज खाली आणतात: कागदावर दिसतो त्यापेक्षा नफा जास्त आहे, थोडे कापड रोखीने जाते. त्यांना वाटते, हे सांगितले की किंमत वाढेल. होते उलटे. जे वहीत नाही त्याला घेणारा पैसे देत नाही, कारण हिस्सा घेतल्यावर त्याला ते वहीतून मिळणार नसते. मात्र त्यामागचा जीएसटी, आयकर, व्याज आणि दंड यांचा भार कंपनीवर राहतो आणि तो कर्जाच्या यादीत किंवा करारातल्या भरपाईच्या कलमात जातो. काही घेणारे इथेच उठून जातात. विक्रीचा विचार असेल तर हिशेब निदान दोन-तीन वर्षे आधी सरळ करावे लागतात. शेवटच्या सहा महिन्यांत एकदम वाढलेला नफा तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत येतो.

हिस्सा विकण्याआधी आणखी एक गाठ पाहावी लागते. अनेक कारखाने आजही मालकी हक्काचे किंवा भागीदारीतले आहेत आणि शेअर विकायचे तर आधी कंपनी करावी लागते. हे रूपांतर भांडवली नफ्याच्या करातून सुटते ते काही अटींवर. जुन्या मालकांकडे पन्नास टक्क्यांहून कमी नाही इतका मतहक्क पाच वर्षे राहिला पाहिजे, ही त्यातली एक. तीस टक्के विकले तर अट शाबूत राहते. दोन वर्षांनी आणखी पंचवीस विकले तर सुटलेला कर परत मागे लागतो.

आधी आपलीच तपासणी

म्हणून शहाणा विकणारा घेणाऱ्याची यादी येण्यापूर्वी स्वतःच ड्यू डिलिजन्स करून घेतो. आपल्या ऑडिटरला या कामात माहिती विचारावी, पण काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. ज्याने नोंदींवर सही केली त्याला त्याच नोंदींकडे घेणाऱ्याच्या नजरेने पाहणे जड जाते. सुरुवातीला तीनच कागद पुरतात: छत्तीस महिन्यांचा महिन्यावार नफा-तोटा, त्याच महिन्यांच्या शेवटच्या तारखांचे येणे-साठा-देणे आणि घरच्या माणसांशी असलेल्या सगळ्या व्यवहारांची यादी. टॅलीतून हे काढायला दिवाणजीला आठवडा पुरावा. तो पुरला नाही, तर वह्यांची खरी अवस्था तिथेच कळली.

त्यानंतर जे सुधारता येते ते सुधारावे. जागेचा भाडेकरार बाजारभावाने लिहून ठेवावा, घरचे खर्च कंपनीतून काढावेत, ग्रॅच्युइटीची तरतूद सुरू करावी, खरेदीवर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट पोर्टलवरच्या विवरणाशी जुळवावे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि तपासणीत हे हमखास निघते.

जे सुधारता येत नाही ते आधी सांगावे. भागविक्रीच्या करारात मालकाला हिशेबांबाबत हमी द्यावी लागते आणि त्या हमीला अपवाद असलेल्या बाबी वेगळ्या पत्रात लिहून देता येतात. ग्रॅच्युइटीचे ४५ लाख त्या पत्रात आधी लिहिले तर किंमत तेवढीच कमी होते आणि विषय मिटतो. सही झाल्यावर ते सापडले तर घेणारा भरपाई मागतो, आणि तोवर पैसे मालकाने दुसरीकडे गुंतवलेले असतात.